लॉगरच्या रेषेतली उसळी आणि चढ: डाळिंबाच्या गाडीचा आलेख कसा वाचायचा

प्रश्न: "साहेब, आमची डाळिंबाची रीफर गाडी सोलापूरहून दिल्लीला गेली. मशीन ६ अंशांवर सेट होतं. तापमान नोंदवणाऱ्या लॉगरच्या आलेखात रेषा सात-आठ वेळा १२-१३ पर्यंत वर गेलीय. व्यापारी म्हणतो ड्रायव्हरने डिझेल वाचवायला मशीन बंद केलं, भाव कापणार. ड्रायव्हर शपथेवर सांगतो, बंद केलं नाही. कोण खरं? दुधाच्या आणि लशींच्या गाडीलाही हाच हिशोब लागतो का?"

उत्तर:

सगळ्यात आधी त्या उसळ्यांमधलं अंतर मोजा. दोन उसळ्यांमध्ये प्रत्येक वेळी साधारण सारखेच तास असतील, म्हणजे दर सहा तासांनी वगैरे, आणि प्रत्येक उसळी अर्ध्या-पाऊण तासात खाली येत असेल, तर तुमचा ड्रायव्हर खरं बोलतोय. तो डीफ्रॉस्ट आहे. मशीनच्या कॉइलवर हवेतल्या आणि फळांतल्या ओलाव्याचा बर्फ धरतो. तो वितळवायला मशीन ठरावीक वेळाने स्वतःच कूलिंग थांबवतं आणि कॉइल गरम करतं. तेवढा वेळ पंखाही बंद असतो. कॉइलजवळची हवा तापते, लॉगर तिथेच पुढच्या भिंतीला लावलेला असेल तर तो १२-१३ दाखवतो. माणूस काही घड्याळ लावून दर सहा तासांनी मशीन बंद करत नाही.

मशीन खरंच बंद केलं, तर आलेख वेगळाच दिसतो. गाडीत जितके लॉगर असतील तितक्यांच्या रेषा एकदमच, हळूहळू वर चढू लागतात, आणि त्या काळात डीफ्रॉस्टचे दाते गायब होतात. मशीनच बंद असेल तर डीफ्रॉस्ट कुठून येणार? दार उघडलं तर तिसरंच चित्र: मागच्या दाराजवळचा लॉगर एकदम उभा वर जातो, पुढचा बराच उशिरा आणि थोडाच हलतो. हे तीन आकार डोळ्यांत बसले की निम्मी भांडणं जागच्या जागी मिटतात.

आता या उसळीने माल खराब होतो का, ते बघू. त्यासाठी एक साधा हिशोब कायम डोक्यात ठेवा. १० टन डाळिंब एका अंशाने तापवायला जवळपास ३६,००० किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे विजेच्या भाषेत १० युनिट. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात, बाहेर ४०-४२ अंश असताना, चांगल्या बॉडीच्या गाडीत भिंतींमधून आणि दाराच्या रबरातून तासाला एक ते दीड युनिट उष्णता आत झिरपते. फळाच्या स्वतःच्या श्वसनाची त्यात थोडी भर पडते, पण थंड डाळिंबाची ती फार नसते. म्हणजे मशीन अख्खा एक तास बंद राहिलं, तरी मालाचं सरासरी तापमान अंशाच्या दहाव्या-पाचव्या भागानेच वाढतं. हवा मात्र तेवढ्यात १२-१३ वर जाते, कारण हवेचं वजन ते किती! वरच्या थराच्या आणि दाराजवळच्या पेट्यांना थोडी जास्त झळ लागते हे खरं. पण पंचवीस मिनिटांच्या डीफ्रॉस्टने डाळिंबाच्या दाण्याला काहीच कळत नाही.

हाच हिशोब उलटा लावला की खरी भीती कशाची ते समजतं. उन्हात तोडलेलं फळ पॅकहाऊसमध्ये पुरतं थंड न करता २४ अंशांवर गाडीत भरलं आणि ते ६ वर आणायचं असेल, तर १८ अंश म्हणजे १८० युनिट उष्णता बाहेर काढावी लागेल. झिरपणारी उष्णता भागवून मशीनकडे तासाला ५ युनिटांची ताकद शिल्लक राहिली असं धरलं, तर छत्तीस तास लागतील. तेही हवा प्रत्येक पेटीच्या आतून नीट फिरली तर, आणि गाडीतल्या गच्च थप्पीत ती तशी फिरत नाही. रीफर गाडी थंड माल थंड ठेवते, गरम माल थंड करत नाही. म्हणून मला उसळीची भीती वाटत नाही. मला भीती वाटते ती हळू चढणाऱ्या किंवा उतरायलाच तयार नसलेल्या रेषेची. तिच्यासाठी कुठला भोंगा वाजत नाही, आणि ती बहुतेक वेळा त्या जागी असते जिथे कुणी लॉगर ठेवलेलाच नसतो.

एक गाडी सविस्तर सांगतो. तुमच्यासारखंच भांडण होतं आणि मी त्यात दोन्ही बाजूंचे कागद पाहिले होते.

एप्रिल महिना, हस्त बहाराचा माल, सांगोल्याकडचं पॅकहाऊस, १० टन भगवा. सेट ६ अंश. डाळिंबाला ५ ते ७ अंश मानवतात, त्यामुळे ६ बरोबरच होतं. रात्री दहाला गाडी निघाली. सोलापूर, तुळजापूर, बीड, संभाजीनगर, धुळे, इंदूर करत आझादपूर मंडी. गाडीत तीन लॉगर होते: एक पुढच्या भिंतीला, मशीनकडे हवा परत जाते त्या जागेजवळ, दुसरा मधल्या रांगेतल्या एका पेटीत, फळांच्या मध्ये दाबून, तिसरा मागच्या दाराजवळ सगळ्यात वरच्या पेटीत. दहा-दहा मिनिटांनी नोंद. हे अंतर महत्त्वाचं आहे. अर्ध्या तासाची नोंद लावली, तर पंचवीस मिनिटांचा डीफ्रॉस्ट एकाच ठिपक्यात येतो किंवा अजिबात दिसत नाही, आणि मग आकारावरून काहीच ओळखता येत नाही.

दिल्लीत व्यापाऱ्याने लॉगर काढून पीडीएफ उघडली. पुढच्या लॉगरवर सहा-सहा तासांनी १२-१३ चे दाते होते, म्हणजे डीफ्रॉस्ट. पण मागच्या लॉगरवर एक मोठी उसळी होती, दुसऱ्या दिवशी रात्री ९ वाजून १० मिनिटांनी सुरू झालेली, १९ अंशांपर्यंत गेलेली. व्यापाऱ्याने गाडीचा जीपीएस मागवला. त्यात गाडी देवासच्या पुढे एका ढाब्यावर ८:५५ ते ९:५० उभी. झालं! ढाब्यावर मशीन बंद केलं, हा निकाल त्याने तिथेच लावला आणि पूर्ण गाडीचा भाव पाडला.

मला पहिली शंका आकाराची आली. मागचा लॉगर उभा वर गेला होता, मधला हलला नव्हता, पुढचा जेमतेम एक-दीड अंश. हे दाराचं लक्षण आहे, मशीन बंदचं नाही. मग गाडी भरतानाचे फोटो मागितले. त्यात लॉगरचं बटण दाबतानाचा फोटो होता आणि फोनची वेळ होती रात्री ९:१५. पीडीएफमध्ये नोंद सुरू झालेली वेळ होती ११:४५. बरोबर अडीच तासांचा फरक. पीडीएफच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत `UTC+8` छापलेलं होतं. लॉगर कारखान्यातून चीनच्या वेळेवर आला होता आणि कुणीच तो `UTC+5:30` वर आणला नव्हता. मशीनच्या स्वतःच्या मेमरीतल्या डीफ्रॉस्टच्या वेळा काढून ताडून पाहिल्या, तिथेही प्रत्येक नोंदीत तेच अडीच तास.

म्हणजे ती उसळी खरं तर संध्याकाळी ६:४० ला सुरू झाली होती. तेव्हा गाडी होती इंदुरात. ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, तिथं शेठचाच माणूस आला होता, माल बघायचाय म्हणून दार उघडायला लावलं, अर्धा-पाऊण तास पेट्या काढून बघत होता." ढाब्यावर गाडी उभी होती त्या खऱ्या वेळेत तिन्ही रेषा सरळ होत्या. मशीन चालूच होतं. त्या ड्रायव्हरचं भाडं अडवून ठेवलं होतं, याचं मला आजही वाईट वाटतं. फोटो नसता तर त्याच्याकडे सांगायला फक्त शपथ होती.

पण एवढ्यावर ती गोष्ट संपत नाही, कारण मागच्या तीन रांगांचा माल खरंच उतरलेला होता. साल निस्तेज, मुकुट सुकलेला, काही फळांच्या मुकुटात राखाडी बुरशी. व्यापारी मालाबद्दल खोटं बोलत नव्हता, त्याने बोट चुकीच्या जागी ठेवलं होतं. इंदूरच्या उसळीने हे झालं नव्हतं. पाऊण तासात फळ एवढं बिघडत नाही.

मग मागच्या लॉगरची रेषा उसळी सोडून पाहिली. भरताना साडेनऊ, पहिल्या दुपारी बारा, रात्री एखादा अंश खाली, दुसऱ्या दुपारी चौदा. त्याच वेळी मधली पेटी आठवरून सव्वासातवर आलेली, आणि पुढच्या भिंतीजवळ सहा. मशीनच्या डिस्प्लेवर सगळा प्रवास सहाच होतं, आणि ते खोटं नव्हतं. ते सहा होतं परत येणाऱ्या हवेचं. थंड हवा मशीनमधून निघून छताखालच्या कापडी नळीतून मागच्या दारापर्यंत जायला हवी, तिथून खाली उतरून पेट्यांमधून परत यायला हवी. इथे ती अर्ध्या वाटेतूनच परत फिरत होती. भरतानाचे फोटो पुन्हा पाहिले तर कारण समोरच होतं: आतल्या भिंतीवर लाल पट्टी असते, तिच्यावर माल भरायचा नसतो. पॅकहाऊसच्या हमालांनी जागा उरावी म्हणून मागच्या तीन रांगांत त्या पट्टीच्या वर दोन-दोन पेट्या चढवल्या होत्या, आणि त्यांनी कापडी नळी दाबून चपटी केली होती. मागे थंड हवा पोहोचतच नव्हती, आणि दाराचं ऊन सगळं त्या पेट्यांवर. रात्री रेषा थोडी उतरणं आणि दुपारी चढणं ही त्याची खूण. तापमान मशीनच्या नाही, सूर्याच्या मागे चाललं होतं.

शेवटी कपात तीन रांगांपुरती झाली, ती पॅकहाऊसने सोसली, आणि ड्रायव्हरचं भाडं पूर्ण मिळालं.

तुमच्या आलेखात मी म्हणूनच आधी हे विचारीन: लॉगर किती होते आणि कुठे होते? एकच होता आणि तो पुढे होता, तर त्याने तुम्हाला फक्त मशीनची तब्येत सांगितली, मालाची नाही. पुढच्या आणि मागच्या रेषेत कायम तीन-चार अंशांपेक्षा जास्त फरक दिसत असेल, तर हवेची वाट अडलीय असं समजा. तिन्ही रेषा बरोबरीने वर सरकत असतील आणि डीफ्रॉस्टचे दाते एकमेकांच्या जवळ येत असतील किंवा लांबत असतील, तर कॉइलवरचा बर्फ पुरता वितळत नाहीये किंवा गॅस कमी झालाय. गाडी पुढच्या फेरीला पाठवण्याआधी मेकॅनिकला दाखवा. आणि रेषा पहिल्या नोंदीपासूनच वर असेल आणि हळूहळू उतरत असेल, तर दोष प्रवासाचा नाही, माल गरम भरला गेला. त्याची शहानिशा भरताना पल्प थर्मामीटरने फळाच्या गाभ्याचं तापमान घेऊन ठेवलं असेल तरच होते. पाच-सहा पेट्यांतलं एक-एक फळ टोचायचं, आकडा पेटीवर मार्करने लिहायचा, फोटो काढायचा. फळ वाया जातं म्हणून हे टाळणारे लोक मी पाहिलेत. पाच डाळिंबं वाचवून पूर्ण गाडीचं भांडण विकत घेण्यात काय शहाणपण?

लॉगरवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. तो स्वतःही कालांतराने सरकतो. वर्षातून दोनदा तरी बर्फाची परीक्षा घ्या: थर्मासमध्ये बारीक फोडलेला बर्फ गच्च भरा, त्यात बर्फ ओला होईल एवढंच स्वच्छ पाणी ओता, लॉगर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बांधा आणि मधोमध खुपसा. वीस-पंचवीस मिनिटांनी त्याने शून्य दाखवायला हवं. अर्धा अंश इकडे-तिकडे चालतो. एक-दीड अंशाचा फरक असेल तर तो लॉगर बाजूला काढा, बॅटरी बदलून पुन्हा तपासा, आणि तरीही तसाच असेल तर टाकून द्या. वाईट लॉगर चांगल्या मालाला बदनाम करतो आणि खराब माल लपवतो.

एक सावधगिरीचं सांगतो, कारण अशा भांडणानंतर लोक हमखास ही चूक करतात. "पुढच्या वेळी मशीन २ वर ठेवा" असं म्हणू नका. डाळिंब दोन-तीन दिवस २ अंशांवर राहिलं तर लगेच काही दिसणार नाही, पण ५ च्या खाली बरेच दिवस राहिलं की सालीवर तपकिरी डाग आणि खळगे पडतात, आतले पडदे तपकिरी होतात. करमाळ्याकडची केळी तर त्याहून नाजूक. त्यांना १३-१४ अंश लागतात, त्याच्या बऱ्याच खाली गेली की नुकसान होऊन जातं आणि ते दिसतं मात्र पिकवताना, साल धुरकट राखाडी पडल्यावर. तोवर गाडीही परत आलेली असते आणि लॉगरचा डेटाही पुसलेला असतो. म्हणून प्रत्येक फेरीची पीडीएफ माल विकून हिशोब मिटेपर्यंत तरी ठेवा.

आता दूध. संकलन केंद्रावरून डेअरीला जाणाऱ्या टँकरला बहुतेक वेळा मशीनच नसतं, फक्त जाड इन्सुलेशन असतं. तिथे उसळीचा प्रश्न येत नाही, फक्त चढ असतो. दूध ४ अंशांवर भरलं आणि काही तासांनी डेअरीच्या दारात ५-६ वर पोहोचलं, तर इन्सुलेशन ठीक आहे. तेच अंतर, तोच महिना आणि या वेळी ९, तर एकतर केंद्रावरच पुरतं थंड केलेलं नव्हतं, किंवा टँकर अर्धवट भरून हिंदकळत गेला, किंवा इन्सुलेशनमध्ये पाणी शिरलंय. दुधात मात्र तो चढ फळासारखा सोसला जात नाही, कारण जंतूंची वाढ ४ अंशांवर मंद असते आणि ८-१० वर झपाट्याने होते. नंतर पुन्हा थंड केलं तरी वाढलेले जंतू कमी होत नाहीत. मोजताना एकच काळजी घ्या: टँकर उभा राहिला की वरचं दूध कोमट आणि खालचं थंड असा थर होतो. ढवळून मगच मोजा.

लशींचा हिशोब मात्र वेगळाच, आणि फळाच्या सवयीने तिथे जाऊ नका. मर्यादा २ ते ८ अंश. कुपी काही मिलीलिटरची, तिच्याकडे १० टनांचा आधार नाही. डब्याबाहेर उघडी राहिली तर हवेच्या मागोमाग तीही जाते. त्याहून मोठा फरक असा की, वरच्या उसळीपेक्षा खालची बुडी जास्त घातक. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, टीडी यांसारख्या ॲल्युमिनियमयुक्त लशी एकदा गोठल्या की निकामी होतात, आणि वितळल्यावर वरवर पाहून काहीच कळत नाही. कुपीवरचा व्हीव्हीएमचा, म्हणजे उष्णतेने रंग बदलणाऱ्या खुणेचा, चौकोन उष्णता दाखवतो, गोठणं दाखवत नाही. म्हणून लशींच्या लॉगरमध्ये दोन वेगळे अलार्म असतात: सलग १० तास ८ च्या वर राहिलं तर एक, आणि सलग फक्त ६० मिनिटं उणे ०.५ च्या खाली गेलं तर दुसरा. दहा तास आणि एक तास, यातच दोन्ही धोक्यांमधला फरक आला. गोठणं होतं ते बहुधा पेटी मशीनच्या थंड हवेच्या तोंडाशी ठेवल्याने, किंवा बर्फाचे पॅक फ्रीझरमधून काढून थेट कुपींना टेकवल्याने. पॅक आधी बाहेर ठेवून हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत थांबायचं असतं.

गाडीत अलार्म वाजलेला दिसला तर ड्रायव्हरने किंवा तुम्ही लस टाकू नये आणि वापरायलाही देऊ नये. ती पेटी २ ते ८ मध्येच वेगळी ठेवा, वर "वापरू नये, तपासणी बाकी" अशी चिठ्ठी लावा, लॉगर बंद न करता जसाच्या तसा ठेवा, आणि जिल्ह्याच्या शीतसाखळी अधिकाऱ्याला वेळ आणि आकडा सांगा. गोठल्याचा संशय असेल तर शेक टेस्ट ते करतील: त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवतात, ती आणि संशयित कुपी दोन्ही हलवून शेजारी ठेवतात, आणि गाळ कोणाचा किती वेगाने खाली बसतो ते बघतात. संशयित कुपीचा गाळ गोठवलेल्या कुपीइतक्याच किंवा त्याहून जास्त वेगाने बसला, तर ती लस बाद.